प्रतिमांचे गणित : कड उलटी का होते?

गाउसियन ब्लरमध्ये शेजारच्या पिक्सेलचे भार केवळ अंतरावरून ठरतात, त्यामुळे काळ्या भिंतीशेजारचे उजळ आकाशही सरासरीत शिरते आणि कड पसरते, हे मागील लेखांकात आले आहे. जानेवारी 1998 मध्ये मुंबईत भरलेल्या संगणकीय दृष्टीच्या आंतरराष्ट्रीय परिषदेत कार्लो तोमासी आणि रोबेर्तो मान्दुची यांनी मांडलेला बायलॅटरल फिल्टर याच भाराला दुसऱ्या भाराने गुणतो. शेजाऱ्याचा उजळपणा मधल्या पिक्सेलपेक्षा जितका वेगळा, तितका हा दुसरा भार कमी होतो. म्हणून भिंतीच्या सरासरीत भिंतीचेच पिक्सेल उरतात आणि कड शाबूत राहते.

या फिल्टरचा वेग वाढवण्याच्या युक्त्या या लेखांकात येणार होत्या. परंतु डब्लिनजवळच्या ओंगार येथील एका वाचकाच्या प्रश्नामुळे त्या पुढे ढकलल्या आहेत. घराच्या छायाचित्रात बारकावे ठळक केल्यावर छप्पर आणि आकाश यांच्यामध्ये मुळात नसलेली रेघ का उमटते, असा तो प्रश्न आहे.

कॅमेऱ्यातील कड बहुधा एकाच उडीत बदलत नाही, तर काही पिक्सेलांच्या चढणीने बदलते. एका ओळीतील मूल्ये 60, 60, 60, 110, 150, 200, 200, 200 अशी मानावीत. पाच पिक्सेलांची खिडकी घेतली, अंतराचे भार सोपेपणासाठी समान ठेवले आणि उजळपणाच्या भाराची रुंदी 40 धरली, तर 110 हे मूल्य 60 कडे ओढले जाऊन सुमारे 104.5 होते आणि 150 हे 200 कडे ओढले जाऊन 155.5 होते, म्हणजे फिल्टरने चढण अधिक तीव्र केली. मूळ प्रतिमेतून ही गुळगुळीत प्रतिमा वजा केली की बारकावा अनुक्रमे +5.5 आणि −5.5 उरतो. तो पाचपट करून परत मिळवल्यास मूल्ये 132 आणि 128 होतात, म्हणजे जो पिक्सेल 40 ने उजळ होता तो आता 4 ने गडद ठरतो. वाचकाला दिसलेली रेघ अशा उलट्या चढणीतून उमटू शकते.

काइमिंग ह, जिआन सुन आणि शिआओऊ तांग यांनी 2010 मध्ये मांडलेला गाइडेड फिल्टर वेगळ्या मार्गाने जातो. प्रतिमा स्वतःच स्वतःची मार्गदर्शक असेल, तर प्रत्येक खिडकीत उत्तर `q = a·I + b` या सरळ रेषेत धरले जाते. येथे `a = v/(v+ε)` असून `v` हे खिडकीतील प्रचरण, म्हणजे सरासरीपासूनच्या फरकांच्या वर्गांची सरासरी, आणि `ε` ही वापरणाऱ्याने निवडलेली मर्यादा असते. ε = 400 असताना केवळ किरकोळ गोंगाट असलेल्या भागात v = 16 असेल, तर a सुमारे 0.04 होऊन जवळपास निव्वळ सरासरी मिळते; 110 भोवतालच्या खिडकीत मात्र v = 2904 असल्याने a सुमारे 0.88 राहतो. a शून्य आणि एक यांच्यामध्येच असल्यामुळे खिडकीतील चढण सौम्य होते, पण मुळापेक्षा तीव्र होत नाही. शेजारच्या खिडक्यांच्या a आणि b यांची सरासरी घेतल्यावरही बारकाव्याची दिशा सहसा उलटत नाही.

तथापि कडेलगतच्या खिडकीत v मोठा असल्याने तेथील गोंगाट कमी पुसला जातो आणि तीव्र कडेभोवती फिकट वलयही उरू शकते. म्हणून केवळ गोंगाट घालवायचा असेल तर बायलॅटरल फिल्टर पुरेसा ठरतो. बारकावे वाढवायचे असतील तर गाइडेड फिल्टर निवडावा आणि ε वाढवताना कडांभोवतीचे वलय तपासावे.