फॉल्स सीलिंगच्या वरची जागा

फॉल्स सीलिंगच्या वरच्या पोकळीत पहिला मान सांडपाण्याच्या पाइपाला मिळतो, कारण त्यातले पाणी केवळ उतारावर वाहते. त्यानंतर एसीचा अवजड डक्ट, मग दाबाखालचे पाण्याचे पाइप आणि शेवटी सहज वळणाऱ्या वायरी येतात. केबल ट्रे मात्र पाण्याच्या पाइपाखाली नसावा. गळती थेट तिच्यावर होते.

समजा, बीमखाली 600 मिमी जागा आहे. 110 मिमीचा पाइप 100 ला 1 या उताराने 12 मीटर गेला, तर शेवटी 120 मिमी खाली येतो, म्हणजे 230 मिमी उंची अडवतो. त्याखाली इन्सुलेशनसह 350 मिमीचा डक्ट घेतला, की 20 मिमी उरतात. तेवढ्यात सपोर्टही बसत नाही, मग सीलिंगची फ्रेम कुठली!

अशा वेळी साइटवर पाइप थोडा उचलून उतार मारला जातो. ही सर्वांत वाईट तडजोड: गाळ साचतो, पाइप वारंवार तुंबतो. त्याऐवजी डक्ट पाइपाच्या शेजारून न्यावा, किंवा रुंद-चपटा करावा. साफसफाईच्या झाकणाखाली सीलिंगला उघडणारी फळी आणि हात शिरेल एवढी मोकळीक नकाशातच राखावी लागते.