मिश्र रिलेत कोणता टप्पा कुणाला द्यायचा?

टोकियो ऑलिम्पिकमध्ये जलतरणाची एक शर्यत पहिल्यांदाच घेतली गेली. ती म्हणजे मिश्र ४×१०० मीटर मेडले रिले. संघात दोन पुरुष आणि दोन महिला, आणि कुणी कोणता टप्पा पोहायचा हे ठरवण्याची मोकळीक प्रत्येक संघाला. ३१ जुलै २०२१ रोजी झालेल्या अंतिम शर्यतीत ब्रिटनने ३ मिनिटे ३७.५८ सेकंदांचा विश्वविक्रम करून सुवर्ण जिंकले. जलतरणातली महासत्ता असलेली अमेरिका पाचवी आली, ३ मिनिटे ४०.५८ सेकंदांत. केलब ड्रेसेलने शेवटच्या टप्प्यासाठी पाण्यात उडी मारली तेव्हा अमेरिका आठव्या, म्हणजे शेवटच्या स्थानावर होती आणि ब्रिटन तब्बल आठ सेकंद पुढे होते. अमेरिकेकडे गुणवत्ता कमी नव्हती. माझ्या मते, हातातली माणसे चुकीच्या टप्प्यांवर लावली गेली.

मेडले रिलेत प्रकारांचा क्रम नियमानेच ठरलेला असतो: बॅकस्ट्रोक, ब्रेस्टस्ट्रोक, बटरफ्लाय आणि शेवटी फ्रीस्टाइल. बॅकस्ट्रोकची सुरुवात पाण्यातूनच होते. तो मधल्या टप्प्यावर ठेवला, तर भिंतीला धरून थांबलेला पोहणारा आत येणाऱ्या सोबत्याच्या वाटेतच येईल. म्हणून त्याची जागा पहिली. प्रशिक्षकाच्या हाती उरते ते एवढेच, की कोणता प्रकार कुणाला द्यायचा. मिश्र रिलेत चारपैकी दोन टप्पे पुरुषांना द्यायचे, तर त्याच्या सहा रचना होतात.

अमेरिकेने बॅकस्ट्रोक रायन मर्फीला आणि फ्रीस्टाइल ड्रेसेलला दिले. मधले दोन टप्पे लिडिया जेकबी आणि टोरी हस्की यांच्याकडे आले. वरवर पाहता यात गैर काही नाही. मर्फी जगातल्या सर्वोत्तम बॅकस्ट्रोक पोहणाऱ्यांपैकी, ड्रेसेल १०० मीटर फ्रीस्टाइलचा ताजा विजेता आणि जेकबी ब्रेस्टस्ट्रोकची ताजी सुवर्णविजेती. पण रिलेत एखाद्या टप्प्यावर कोण श्रेष्ठ, हा प्रश्नच मुळात चुकीचा आहे. विचारायला हवे ते हे की त्या टप्प्यावर पुरुषाऐवजी महिला उतरवली, तर किती सेकंद गमवावे लागतात. जिथे ते नुकसान सर्वात मोठे, तिथे पुरुष उतरवायचे.

याची पडताळणी करणे सोपे आहे. दुसऱ्याच दिवशी पुरुषांची आणि महिलांची स्वतंत्र मेडले रिले झाली आणि अमेरिकेच्या आठही टप्प्यांच्या वेळा नोंदल्या गेल्या. बॅकस्ट्रोकला मर्फीला ५२.३१ सेकंद लागले, रेगन स्मिथला ५८.०५. फरक ५.७४ सेकंद. ब्रेस्टस्ट्रोकमध्ये मायकेल अँड्र्यूचे ५८.४९ आणि जेकबीचे ६५.०३, म्हणजे फरक ६.५४. बटरफ्लायमध्ये ड्रेसेल ४९.०३ आणि हस्की ५६.१६, फरक ७.१३. फ्रीस्टाइलमध्ये झॅक ॲपल ४६.९५ आणि ॲबी वाइट्झाइल ५२.४९, फरक ५.५४.

सर्वात मोठे फरक बटरफ्लाय आणि ब्रेस्टस्ट्रोकमध्ये आहेत, सर्वात लहान बॅकस्ट्रोक आणि फ्रीस्टाइलमध्ये. अमेरिकेने पुरुष उतरवले ते नेमके लहान फरकाच्या टप्प्यांवर. याच वेळांवर हिशेब केला तर त्या रचनेची बेरीज ३:४०.४५ येते, प्रत्यक्ष लागलेल्या वेळेच्या अगदी जवळ. ब्रेस्टस्ट्रोकला अँड्र्यू आणि बटरफ्लायला ड्रेसेल ठेवला असता, तर ती ३:३८.०६ होते. सहा रचनांमधली ही सर्वात वेगवान आणि अमेरिकेने निवडलेली सर्वात संथ. दोन्हींत २.३९ सेकंदांचे अंतर. रौप्य जिंकणाऱ्या चीनची वेळ होती ३:३८.८६. ब्रिटनने ॲडम पीटीला ब्रेस्टस्ट्रोक आणि जेम्स गायला बटरफ्लाय दिला होता.

हा हिशेब शर्यतीनंतरचा आहे, हे खरेच. ड्रेसेल त्याच दिवशी १०० मीटर बटरफ्लायची अंतिम फेरी ४९.४५ सेकंदांच्या विश्वविक्रमाने जिंकून आला होता. उडी मारताच जेकबीचा गॉगल घसरून तोंडावर आला आणि तिला तसेच पोहावे लागले. शिवाय पुढे गेलेल्या पुरुषांनी ढवळलेल्या पाण्यातून पोहण्याचा त्रास कोणत्याही बेरजेत धरता येत नाही. पण यातले काहीही सव्वादोन सेकंदांची रचनेतली तूट भरून काढणारे नव्हते.

वेळांची तुलना करताना आणखी एका गोष्टीचा घोळ होतो, तो म्हणजे टेकओव्हरचा. वैयक्तिक शर्यतीत इशारा ऐकल्यापासून पाय ब्लॉकवरून सुटेपर्यंत साधारण ०.६ ते ०.७ सेकंद जातात आणि घड्याळ तेव्हा चालूच असते. रिलेत सोबती भिंतीकडे येताना समोर दिसत असतो. त्यामुळे पुढचा पोहणारा हात झोकून, अंग पुढे टाकून उडीची तयारी आधीच करू शकतो. सोबत्याचा हात भिंतीला लागेपर्यंत पायाची बोटे ब्लॉकवर टेकलेली असली की पुरे. इलेक्ट्रॉनिक यंत्रणेत ०.०३ सेकंदांपर्यंतची घाई चालवून घेतात, त्यापलीकडे संघ बाद. म्हणून चांगल्या टेकओव्हरने अर्ध्या सेकंदाच्या आसपास फायदा होतो. पीटीने टोकियोत वैयक्तिक सुवर्ण ५७.३७ सेकंदांत जिंकले आणि मिश्र रिलेत तोच ५६.७८ पोहला. मर्फीची वैयक्तिक वेळ मात्र ५२.१९ आणि रिलेतली ५२.२३, कारण पहिल्या टप्प्याला टेकओव्हर नसतो. पहिल्या टप्प्याची वेळ वैयक्तिक विक्रम म्हणून धरली जाते तीही याच कारणाने. २०१६ मध्ये रिओत पुरुषांच्या रिलेची सुरुवात करताना मर्फीने ५१.८५ सेकंदांचा विश्वविक्रम असाच केला होता.

टेकओव्हरचा फायदा शेवटच्या तीनही टप्प्यांना मिळतो, मग तिथे कोणीही असो. त्यामुळे सर्वांचे टेकओव्हर सारखेच चांगले धरले, तर रचना निवडताना त्याने फरक पडत नाही. गल्लत होते ती एकाची वैयक्तिक वेळ दुसऱ्याच्या रिलेतल्या वेळेशी ताडून पाहताना. तिथे अर्धा सेकंद असाच खोटा दिसतो. दोन रिले-वेळांतही फसगत होऊ शकते. ब्लॉकवरून ०.०५ सेकंदांत सुटलेला आणि ०.३५ सेकंदांत सुटलेला, दोघांची वेळ सारखी असेल तर पाण्यात दुसरा ०.३० सेकंदांनी वेगवान आहे. म्हणून टप्प्याच्या वेळेतून सुटण्याची वेळ वजा करूनच तुलना करावी.

टेकओव्हरचा सराव प्रकारानुसार करावा लागतो. बॅकस्ट्रोक पोहणाऱ्याला भिंत दिसत नाही. भिंतीपासून पाच मीटरवर टांगलेल्या पताका पाहून तो उरलेले हात मोजतो, आणि ब्लॉकवरच्या सोबत्यालाही तो आकडा माहीत असावा लागतो. ब्रेस्टस्ट्रोक आणि बटरफ्लायमध्ये दोन्ही हातांनी एकदम स्पर्श करायचा असतो. शेवटचा हात भिंतीपासून थोडा लांब पडला तर पोहणारा तरंगत, मंदावत येतो आणि वर उभा असलेला आधीच झेपावतो. संघ बाद होतो तो अशा वेळी. ०.१० ते ०.२० सेकंदांचा टेकओव्हर मिळत असेल, तर आणखी पाच शतांशांसाठी चौघांची मेहनत पणाला लावू नये.

पुढच्या ऑलिम्पिकमध्ये, २०२४ साली पॅरिसला, अमेरिकेने बॅकस्ट्रोक मर्फीला, ब्रेस्टस्ट्रोक निक फिंकला, बटरफ्लाय ग्रेचेन वॉल्शला आणि फ्रीस्टाइल हस्कीला दिले. या वेळी ब्रेस्टस्ट्रोकला पुरुष होता, आणि वॉल्शच्या वेगामुळे बटरफ्लायमधली दरी पूर्वीइतकी राहिली नव्हती. अमेरिकेने ३ मिनिटे ३७.४३ सेकंदांचा विश्वविक्रम करून सुवर्ण घेतले. दुसरा आलेला चीन मागे राहिला तो ०.१२ सेकंदांनी.