पन्नास जणांनी रिपोर्ट केलं, तर पेज बंद पडतं का?

समजा, तुम्ही घरी केसांचं तेल बनवता आणि इन्स्टाग्रामच्या पेजवरून विकता. धंदा जरा चालायला लागतो आणि समोरचा विक्रेता त्याच्या ग्रुपवर तुमच्या पेजची लिंक टाकतो, "सगळ्यांनी रिपोर्ट करा." एका रात्रीत पन्नास रिपोर्ट जातात. आता काय होणार?

मेटा कंपनी स्वतः सांगते, की रिपोर्ट किती आले यावरून पोस्ट काढली जात नाही. रिपोर्टमुळे फक्त तुमची पोस्ट तपासणीला जाते. तपासणारा माणूस असो की सिस्टीम, प्रश्न एकच असतो: ही पोस्ट नियम मोडते का? मोडत नसेल, तर पन्नास रिपोर्टही वाया जातात. उलट ठरवून रिपोर्ट करणं हाच नियमभंग आहे. डिसेंबर 2021 मध्ये मेटाने व्हिएतनाममधलं असंच एक जाळं काढून टाकलं होतं.

मग पेज अडकतं कुठे? आपल्याच कच्च्या पोस्टवर. तुमच्या चाळीस पोस्टपैकी एक नियम मोडणारी असेल, तर रिपोर्टच्या निमित्ताने तीच सापडते.

खरा धोका मात्र वेगळाच आहे, तो म्हणजे कॉपीराइटची तक्रार. ती साध्या रिपोर्टच्या बटणाने होत नाही, वेगळा फॉर्म भरावा लागतो. फॉर्म भरणारा "हा फोटो माझा आहे" असं लिहून देतो. इथे पन्नास जण लागत नाहीत, एक पुरतो, कारण फोटो नक्की कोणाचा याचा निवाडा कंपनी कोर्टासारखा करत बसत नाही. म्हणून आपल्या प्रत्येक फोटोची मोबाईलमधली मूळ फाइल जपून ठेवा. तक्रार खोटी असेल, तर तोच तुमचा पुरावा.

निर्बंध आलाच, तर घाबरून पोस्ट डिलीट करत सुटू नका. आधी सेटिंगमध्ये `Account Status` उघडा. कोणती पोस्ट, कोणता नियम, हे तिथे दिसतं. स्क्रीनशॉट काढा. चूक तुमची नसेल, तर फेरतपासणी मागा. लिहायला जागा मिळाली, तर "शत्रूने केलंय" असं लिहू नका; तपासणाऱ्याला शत्रू दिसत नाही, पोस्ट दिसते. "फोटो मी अमुक तारखेला काढला, मूळ फाइल आहे," एवढंच लिहा.

तरीही दाद मिळाली नाही, तर कंपनीच्या भारतातल्या तक्रार अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार करा. त्याचा निर्णय पटला नाही, तर 30 दिवसांत केंद्र सरकारच्या तक्रार अपील समितीकडे `gac.gov.in` वर ऑनलाइन अपील करता येतं.

आणि "पैसे द्या, पेज चालू करून देतो" म्हणणाऱ्याला पासवर्ड देऊ नका. निर्बंध निदान उठवता येतो, पण पासवर्ड गेला की पेजच हातचं जातं.