मधल्या पट्टीचा घोळ

महाराष्ट्र विधानसभेच्या २०१४ आणि २०१९ च्या निकालांचे, पक्षांच्या पट्ट्या एकावर एक रचलेले दोन स्तंभ घ्या: तळाशी भाजप, त्यावर शिवसेना, मग काँग्रेस, वर बाकीचे. भाजपची १२२ वरून १०५ अशी घट लगेच दिसते, कारण दोन्ही पट्ट्या शून्यापासून निघतात.

काँग्रेसचे मात्र उलटेच वाटते. जागा ४२ वरून ४४ झाल्या, पण पट्टी १८५ ऐवजी १६१ पासून सुरू होते आणि खाली सरकल्यामुळे घसरल्यासारखी भासते.

स्तंभ टक्केवारीत काढूनही इथे फरक पडत नाही, कारण एकूण जागा दोन्हीकडे २८८च. प्रत्येक पक्षाला शून्यापासून सुरू होणारा, एकाच मोजपट्टीचा छोटा आलेख दिला, तर काँग्रेसची वाढ दिसते. युतीच्या जागांची बेरीज मात्र मग डोळ्यांनी करता येत नाही.