१८१९ साली मेलेली आई

हिमगौरीच्या गोष्टीची सुरुवात आपल्याला पाठ आहे. बर्फ पडतो आहे, राणी खिडकीत शिवत बसली आहे, सुई बोटात घुसते, रक्ताचे तीन थेंब बर्फावर पडतात आणि तिला वाटते, अशीच गोरी, लाल ओठांची, काळ्याभोर केसांची मुलगी आपल्याला व्हावी. मुलगी होते, राणी मरते, वर्षभराने राजा दुसरी राणी आणतो. ग्रिम बंधूंच्या १८१२ सालच्या पहिल्या आवृत्तीत मात्र ही राणी मरतच नाही. खिडकीत बसून मुलीची आस धरणारी बाईच सात वर्षांनी आरशापुढे जळफळते, शिकाऱ्याला मुलीच्या मागावर धाडते आणि आणलेले काळीज-फुप्फुस मीठ लावून शिजवून खाते. ते रानडुकराच्या पिल्लाचे आहे हे तिला ठाऊक नसते. १८१९च्या दुसऱ्या आवृत्तीत बाळंतपणात आईच्या मृत्यूचे एक वाक्य आले आणि तिचे पाप दुसरीच्या नावावर चढले. ‘हॅन्सेल आणि ग्रेटेल’मध्येही मुलांना जंगलात सोडून यायचा बेत मुळात आईचाच होता, १८४०च्या आवृत्तीत ती सावत्र झाली.

म्हणजे निदान या दोन गोष्टींत सावत्र आई लोकांच्या तोंडून आलेली नाही, ती संपादकाच्या टेबलावर जन्मली. पहिली आवृत्ती अभ्यासकी थाटाची, टिपांसकट निघाली होती. पण पुस्तक घरोघर मुलांना वाचून दाखवले जाऊ लागले आणि १८२५ साली निवडक पन्नास गोष्टींची छोटी आवृत्तीही आली. मांडीवर मूल घेऊन आईनेच वाचायचे, आणि गोष्टीतली आई मुलाचे काळीज खाते, हे जमणारे नव्हते. पुढच्या आवृत्त्यांवर मुख्यतः विल्हेल्म ग्रिमचा हात फिरला. क्रौर्य त्याने फारसे कमी केले नाही, हिमगौरीच्या शेवटी राणीच्या पायांत चढवलेले तापलेले लोखंडी जोडे शेवटच्या आवृत्तीपर्यंत तसेच राहिले. त्याने फक्त नाते बदलले.

यावर पहिला आक्षेप रास्त आहे. सावत्र आई ग्रिमांच्या कितीतरी आधीची आहे. नेपल्सच्या बासिलेच्या १६३४ साली छापलेल्या सिंड्रेलाकथेत तर ती दोनदा येते. मुलगी शिक्षिकेच्या सांगण्यावरून पहिल्या सावत्र आईच्या मानेवर पेटीचे झाकण आपटून तिला मारते आणि मग तीच शिक्षिका आई होऊन घरात येते, लपवून ठेवलेल्या स्वतःच्या सहा मुलींसह! पण या जुन्या गोष्टींतले भांडण नीट पाहावे. ते वाट्याचे आहे: कुणाच्या मुलीला कपडे, कुणाला चूल, कुणाचे लग्न आधी. ग्रिमांच्याच संग्रहात, चित्रकार रुंगेने लिहून दिलेल्या जुनिपरच्या झाडाच्या गोष्टीत हे उघडच सांगितले आहे. सगळी मालमत्ता आपल्या मुलीला कशी मिळेल, हा विचार त्या बाईच्या मनात घोळतो आणि सावत्र मुलगा डोळ्यांत सलू लागतो. बाळंतपणात बायका मरत आणि पुरुष लवकर पुन्हा लग्न करत, त्या काळात हा हिशेब खोटा नव्हता. आपला ‘सापत्नभाव’ हा शब्दही सपत्नीवरून, म्हणजे सवतीवरून आला आहे. ध्रुवाला बापाच्या मांडीवर बसू न देणाऱ्या सुरुचीचा डोळा सिंहासनावरच होता. हिमगौरीत असा वाटा नाही, हॅन्सेलच्या घरात तर वाटायला भाकरीही नाही. तिथे सावत्रपणा वरून चिकटवला आहे.

दुसरा आक्षेप आकडेवारीचा. मार्टिन डेली आणि मार्गो विल्सन या कॅनडातल्या मानसशास्त्रज्ञांनी दाखवले की सख्ख्यापेक्षा सावत्र पालकाकडून मुलाच्या जिवाला धोका कितीतरी जास्त असतो. १९९८च्या त्यांच्या पुस्तकाच्या नावातच सिंड्रेला आहे. निष्कर्ष हलका नाही. पण त्यांच्या पुराव्यात पुढे येतो तो मुख्यतः सावत्र बाप, कारण आज मुले बहुधा आईबरोबर राहतात. परीकथांत दुष्ट सावत्र बाप शोधून पाहावा, क्वचितच सापडेल. मानसशास्त्रज्ञ ब्रूनो बेटेलहाइम यांनी १९७६ साली वेगळे उत्तर दिले: आईचा राग सोसता यावा म्हणून मूलच मनात तिचे दोन भाग करते, चांगली मेलेली आणि वाईट सावत्र. मांडणी सुबक आहे, पण ही फोड १८१९ साली मुलाने केली नव्हती, ती प्रौढ संपादकाने केली. आणि बापाचे असे दोन भाग करायची गरज कुणालाच कशी भासली नाही, याचे उत्तर तिच्यात मिळत नाही.

माझ्या मते सावत्र आईमुळे सर्वांत मोठी सोय झाली ती बापाची. दुसरे लग्न तो करतो, घर त्याचे, मालमत्ता त्याची. दोष मात्र बाहेरून आलेल्या बाईचा. १८५७च्या शेवटच्या आवृत्तीत हॅन्सेल-ग्रेटेल परततात तेव्हा सावत्र आई मेलेली असते आणि बाप मुलांना कवटाळून मोत्यांच्या राशीत सुखाने राहतो. त्याच आवृत्तीत थोडी पाने मागे गेले तर जंगलात दिवसभर कुऱ्हाडीचा आवाज येतो आहे, म्हणून बाबा जवळच आहेत या भरवशावर मुले शेकोटीपाशी झोपी जातात. तो आवाज कुऱ्हाडीचा नसतो. वाळक्या झाडाला बांधलेली एक फांदी वाऱ्याने आपटत असते, आणि ती बापाने बांधलेली असते.