आमरसाच्या डब्याचा थंड गाभा

कोकणातल्या कॅनिंगच्या कारखान्यातून हापूसचा रस ८५० ग्रॅमच्या पत्र्याच्या डब्यातून बाहेर पडतो. डबा भरायचा, झाकण बसवून सील करायचा आणि उकळत्या पाण्यात सोडायचा. आंब्याचा रस आंबट असतो, त्याचा पीएच ४.६ च्या खाली असतो. त्यामुळे बोट्युलिझमचे जंतू त्यात वाढत नाहीत आणि शंभर अंशांच्या आतली उष्णता पुरते. पण ती डब्यातल्या प्रत्येक चमच्यापर्यंत पोचायला हवी. सगळ्यात शेवटी ती पोचते डब्याच्या ऐन मध्यावर. मग प्रश्न असा, की तासाभराने तिथे किती अंश झाले असतील?

हिशोबासाठी डब्याचा आतला व्यास १० सेंमी आणि उंची ११.५ सेंमी धरू. डबा काठोकाठ भरलेला आहे, रस ३० अंशांवर आहे आणि पाणी १०० अंशांवर. रस घट्ट असल्याने आतल्या आत फिरत नाही, म्हणजे उष्णता थराथराने आत सरकते. उकळतं पाणी पत्र्याला इतकी भराभर उष्णता देतं, की कडेचा रस जवळजवळ लगेच शंभरावर जातो. सगळा उशीर होतो तो आत.

अडचण अशी, की डब्यात उष्णता बाजूंनीही शिरते आणि वरून-खालूनही. दोन्ही दिशांचं समीकरण एकदम सोडवणं किचकट आहे. मात्र त्याच्या दोन सोप्या भावंडांची उत्तरं तक्त्यांत तयार मिळतात. एक म्हणजे तेवढ्याच जाडीचा, पण लांबीला अंत नसलेला दंडगोल, ज्यात उष्णता फक्त बाजूंनी शिरते. दुसरं म्हणजे डब्याच्या उंचीइतकी जाड, पण चहूकडे अमर्याद पसरलेली लादी, जिच्यात उष्णता फक्त वरून-खालून शिरते. दंडगोल आणि लादी एकमेकांना छेदतात तिथला सामाईक भाग म्हणजेच आपला डबा. ए. बी. न्यूमन यांनी १९३६ साली विटा आणि दंडगोल तापण्याचा हाच प्रश्न घेतला आणि दाखवलं, की या दोन उत्तरांचा गुणाकार केला की डब्याचं उत्तर मिळतं.

गुणाकार तापमानांचा नाही, तुटीचा करायचा. सुरुवातीला रस पाण्यापेक्षा ७० अंशांनी मागे आहे. त्यातला किती हिस्सा अजून भरून यायचा आहे, तो अपूर्णांक म्हणजे तूट.

रसात उष्णता पसरण्याचा वेग दाखवणारा आकडा सेकंदाला साधारण ०.१४ चौरस मिमी आहे. तो एका तासाच्या ३६०० सेकंदांनी गुणला की ५०४ चौरस मिमी येतात. दंडगोलासाठी याला त्रिज्येच्या वर्गाने, म्हणजे ५० × ५० ने भागायचं. उत्तर ०.२०, आणि तक्ता सांगतो की एवढ्यात मध्यावरची तूट ०.५० उरते. लादीसाठी निम्म्या उंचीच्या वर्गाने, म्हणजे ५७.५ × ५७.५ ने भागायचं. उत्तर ०.१५, आणि तूट ०.८६. विद्यार्थी इथे हमखास पूर्ण उंची घेतात आणि हिशोब फसतो.

आता ०.५० × ०.८६ = ०.४३. सत्तर अंशांचे ०.४३ म्हणजे ३० अंश. म्हणजे पूर्ण तासभर उकळत्या पाण्यात राहूनही डब्याचा गाभा असतो फक्त ७० अंशांवर. अर्ध्या तासाचा हिशोब केला तर तो जेमतेम ४२ वर निघतो. नव्वद गाठायला १०३ मिनिटं लागतात.

बेरीज का नाही? बाजूंनी ५० टक्के काम केलं, वरून-खालून १४ टक्के झालं, मिळून ६४, असं कुणी म्हणेल आणि गाभा ७५ अंशांवर आहे असं समजून डबा पाण्याबाहेर काढेल. हे उधारीसारखं आहे. रुपयाची उधारी एकाने निम्मी फेडली, तर दुसरा जे १४ टक्के फेडतो ते उरलेल्या ५० पैशांचे, मूळ रुपयाचे नव्हेत. बाकी राहतात ४३ पैसे. गणिताच्या बाजूने पाहिलं तर उष्णतेच्या समीकरणात आडव्या आणि उभ्या दिशेचे भाग वेगवेगळे असतात आणि त्यांची फक्त बेरीज होते. म्हणून आपापल्या दिशेचं समीकरण पाळणाऱ्या दोन उत्तरांचा गुणाकार दोन्ही दिशांचं एकत्र समीकरण पाळतो. सुरुवातीला दोन्हीकडची तूट पूर्ण, म्हणजे एक, आणि एक गुणिले एक एकच.

विटेच्या आकाराला तीन लाद्या लागतात आणि तीन तुटींचा गुणाकार करावा लागतो. ९ × ४.५ × ३ इंचांची वीट घ्या. सुरुवातीचा टप्पा ओलांडल्यावर प्रत्येक दिशेचा वेग जाडीच्या वर्गाच्या उलट प्रमाणात असतो, म्हणून तीन इंच, साडेचार इंच आणि नऊ इंच या दिशांचा वाटा ९ : ४ : १ असा पडतो. नऊ इंचांची बाजू जवळजवळ नावालाच उरते.

ही रीत चालण्यासाठी काही अटी आहेत. सुरुवातीला सगळा पदार्थ एकाच तापमानावर हवा आणि पाण्याचं तापमान टिकून राहायला हवं. थंड डब्यांची पेटी सोडल्यावर पाणीच गार पडलं, तर घड्याळ लावण्यात अर्थ नाही. गोठलेला पदार्थ वितळत असेल तर वितळण्यातच उष्णता खर्च होते आणि गुणाकार मोडतो. प्रत्यक्षात डबा काठोकाठही नसतो. झाकणाखालची हवा उष्णता जवळजवळ अडवते. तिने ती पूर्ण अडवली असं धरलं, तर लादीची निम्मी नव्हे, पूर्ण उंची घ्यावी लागते आणि सगळ्यात थंड जागा मध्यावरून झाकणाखाली सरकते. तासाभराने तिथे ७० ऐवजी ६५ अंशच असतात.

हिशोब आणि डबा जुळतात का, हे तपासता येतं. डब्याला भोक पाडून थर्मोकपलचं टोक थंड जागी बसवायचं आणि दर काही मिनिटांनी तूट लॉग कागदावर मांडायची. सुरुवातीचं वळण संपलं की बिंदू सरळ रेषेत यायला हवेत. आपल्या डब्यात ही तूट दर २७ मिनिटांनी निम्मी होते. रेषा याहून बरीच उतरती आली तर रस पातळ आहे आणि आत फिरतोय. मधेच मोडली तर तापताना त्याचा घट्टपणा बदलला.

मोठ्या, ३.१ किलोच्या डब्याची मापं साधारण दीडपट असतात, आणि वेळ मापाच्या वर्गाने वाढतो. थंड रस भरला तर नव्वद गाठायला जवळपास चार तास लागतील, आणि तोवर कडेचा रस शिजून काळपट होईल. डब्याचा आकार आणि रसाचा स्वभाव कारखान्याला बदलता येत नाही. तक्त्यातून येणारा अपूर्णांक तोच राहतो, पण तो ज्याला लावायचा ते सत्तर अंश हातात असतात. रस आधीच ८५ अंशांपर्यंत तापवून भरला की सुरुवातीची तूट पंधरा अंशांवर येते, आणि लहान डब्याचा गाभा अर्ध्या तासात ४२ वर नव्हे, ८७ च्या पुढे असतो.