ओपन डेच्या निमंत्रणात काय लिहावं?

को-वर्किंगची सुरुवात झाली ती २००५ साली, सॅन फ्रान्सिस्कोत. ब्रॅड न्यूबर्ग या प्रोग्रॅमरने आठवड्यातून दोन दिवस काही टेबलं मांडून ठेवली आणि एकट्याने काम करणाऱ्यांना बोलावलं. पहिला महिनाभर कोणी फिरकलं नाही. आज पुण्या-मुंबईत अशा जागा गल्लोगल्ली झाल्या आहेत, आणि नव्या जागेचा मालक ओपन डे ठेवतो, म्हणजे लोकांना जागा बघायला बोलावतो. तरीही खुर्च्या रिकाम्या राहतात. पुष्कळदा त्याचं कारण फोटोखालच्या मजकुरात असतं.

बहुतेक मजकूर असे असतात: ‘तुमच्या स्वप्नांना पंख देणारी प्रेरणादायी जागा! येत्या रविवारी नक्की भेट द्या. दरांसाठी मेसेज करा.’ इन्स्टाग्रामवर २,२०० अक्षरांपर्यंत लिहिता येतं, पण ‘more’ दाबेपर्यंत दिसतात त्या सुरुवातीच्या एक-दोन ओळीच. त्याच ओळी इथे स्वप्नांवर खर्ची पडल्या. शिवाय रविवारी जागा ओस असते. शेजारच्या टेबलावरचा फोन किती कानावर येतो, वीस जण एकदम जोडले गेल्यावर इंटरनेट कसं चालतं, हे त्या दिवशी कळणारच नाही. ओपन डे कामाच्या दिवशीच हवा.

आता वाचणारा कोण आहे ते बघू. घरून भाषांतर किंवा डिझाइन करणारा फ्रीलान्सर आधी महिन्याचा खर्च विचारतो. भाडं ६,००० रुपये असेल तर त्यावर १८ टक्के जीएसटी धरून ७,०८० होतात. सेवा देणाऱ्याची वर्षाची उलाढाल २० लाखांच्या आत असेल, तर सहसा त्याची जीएसटी नोंदणी नसते. त्यामुळे भरलेल्या कराची वजावट त्याला मिळत नाही आणि ७,०८० हाच त्याचा खरा दर ठरतो. दुसरा प्रश्न वेळेचा. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरच्या ग्राहकाचा सकाळी दहाचा कॉल उन्हाळ्यात आपल्याकडे संध्याकाळी साडेसातला येतो. सात वाजता शटर ओढणारी जागा त्याच्या उपयोगाची नाही.

दोन-चार जणांची कंपनी काढणाऱ्याचे प्रश्न वेगळे असतात. त्याला दार लावता येईल अशी केबिन हवी असते. या पत्त्यावर जीएसटी नोंदणी करता येईल का, म्हणजेच भाडेकरार, मालकाचं संमतिपत्र आणि वीजबिलाची प्रत मिळेल का, हेही त्याला जाणून घ्यायचं असतं. माणसं वाढली किंवा कमी झाली तर किती दिवस आधी नोटीस द्यायची, हा तिसरा प्रश्न.

समजा, कोथरूडमध्ये अशी एक जागा आहे. तिचा मजकूर असा लिहिता येईल:

‘बुधवारी लॅपटॉप घेऊन या आणि सकाळी १० ते रात्री ९ आमच्याकडे काम करा, मोफत. आनंदनगर मेट्रो स्टेशनपासून चालत पाच मिनिटं.

एकटे काम करत असाल, तर रोज मिळेल त्या टेबलावर बसायचे महिन्याला ७,०८० रुपये, जीएसटी धरून. डिपॉझिट एका महिन्याचं.

छोटी कंपनी असेल, तर चार जणांची केबिन आहे. जीएसटी नोंदणीची कागदपत्रं देतो. नोटीस एक महिन्याची.

फोनवर बोलायला दोन बंद खोल्या. दोन वेगळ्या कंपन्यांचं इंटरनेट. पार्किंग फक्त दुचाकींसाठी.

त्या दिवशी २० जणांची सोय आहे. खालच्या नंबरवर नाव कळवा.’

यातलं पार्किंगचं वाक्य काढून टाकण्याचा मोह होईल. ते राहू द्यावं. गाडी घेऊन आलेला माणूस खालूनच परत जातो आणि वर चार जणांना सांगतो. उणी बाजू आधी सांगितली, की बाकीच्या दाव्यांवरही विश्वास बसतो. नंबरही मजकुरातच हवा, कारण इन्स्टाग्रामच्या मजकुरातली लिंक दाबून उघडत नाही.

मजकूर जमला की नाही, हे लाइक्सवरून ठरवू नये. येणारे मेसेज वाचावेत. ‘किती पैसे?’, ‘नक्की कुठे?’ असं लोक विचारत असतील, तर ती माहिती राहून गेली आहे किंवा फार खाली गेली आहे. ‘माझं नाव लिहा, दुपारी येतो’ असे मेसेज येऊ लागले, की मजकुराने काम केलं.

अशी जागा चालवत असाल, तर पुढचं निमंत्रण टाकण्याआधी ते जागा न पाहिलेल्या एखाद्या फ्रीलान्सरला वाचायला द्या. तो जो पहिला प्रश्न विचारेल, त्याचं उत्तर पहिल्या दोन ओळींत घाला.